रॅकवर तीन जोड, ऑर्डरी चार जोडांच्या

दुकानातल्या बिलिंग सॉफ्टवेअरला माल किती शिल्लक आहे ते माहीत असते आणि ऑनलाइन दुकानालाही. अडचण इथूनच सुरू होते, कारण ही माहिती दोन वेगळ्या वह्यांत लिहिलेली असते. काउंटरवर बिल झाले की पहिल्या वहीतला आकडा कमी होतो, वेबसाइटवर ऑर्डर आली की दुसऱ्या वहीतला. माल मात्र एकाच रॅकवर असतो. दोन्ही वह्या त्या रॅकशी जुळत्या ठेवण्याच्या कामाला व्यवहारात ‘स्टॉक सिंक’ म्हणतात. ते नीट झाले नाही तर रॅकवर नसलेली वस्तू वेबसाइट विकून मोकळी होते, गिऱ्हाइकाला पैसे परत करावे लागतात आणि वर त्याचा फोनही घ्यावा लागतो.

उदाहरणासाठी कोल्हापुरातले चपलांचे एक दुकान घेता येईल. काउंटरवर टॅलीप्राइम, वेबसाइट वूकॉमर्सवर. कापशी, कुरुंदवाडी असे प्रकार, त्यात रंग आणि प्रत्येक रंगात सहा ते अकरा नंबर. चपलेचे दुकान या विषयाला मुद्दाम सोयीचे आहे, कारण इथे ‘माल आहे’ या उत्तराला काही अर्थ नसतो. आठ नंबर आहे की नाही, एवढाच प्रश्न असतो. एका रंगाचे चाळीस जोड असले, तरी आठ नंबरचे दोनच असू शकतात.

आता एका दिवसाचा हिशेब पाहू. कापशी, तपकिरी, आठ नंबर. सकाळी दहा वाजता रॅकवर पाच जोड, टॅलीत पाच, वेबसाइटवर पाच. दर अर्ध्या तासाने एक छोटा प्रोग्राम टॅलीतला आकडा उचलतो आणि वेबसाइटवर लिहितो. बाजारात असे प्रोग्राम ‘कनेक्टर’ या नावाने विकले जातात आणि त्यातले साधे असतात ते नेमके एवढेच करतात. अकरा वाजून दहा मिनिटांनी ऑनलाइन एका जोडाची ऑर्डर येते. वेबसाइटवरचा आकडा आपोआप चार होतो. टॅलीला याचा पत्ता नाही, तिथे पाचच आहेत. अकरा वीसला काउंटरवर दोन जोड विकले जातात, टॅलीत तीन उरतात. साडेअकराला कनेक्टर येतो, टॅलीतले तीन वाचतो आणि वेबसाइटवर तीन लिहितो.

खरे पाहता देण्याजोगे दोनच जोड आहेत. रॅकवर तीन दिसतात, पण त्यातला एक सकाळच्या ऑर्डरीसाठी बांधील आहे. कनेक्टरने वेबसाइटवरचा चार हा आकडा पुसला, आणि त्या चारमध्ये ऑनलाइन विक्रीची जी नोंद दडलेली होती तीही त्याबरोबर पुसली गेली. दुपारी पुण्याहून एका जोडाची आणि ठाण्याहून दोन जोडांची ऑर्डर येते. वेबसाइटच्या हिशेबाने तीनातून तीन गेले, शून्य उरले, सगळे ठीक. संध्याकाळी पॅकिंगला बसल्यावर कळते की ऑर्डरी चार जोडांच्या आहेत आणि रॅकवर तीनच जोड आहेत.

इथे कोणाचीही चूक झालेली नाही. काउंटरवरच्या मुलाने बिल वेळेवर केले, वेबसाइटने आकडा वेळेवर कमी केला, कनेक्टर वेळेवर आला. बिघाड पद्धतीत आहे: शिल्लक आकडा नुसता इकडून तिकडे कॉपी केला. म्हणूनच ‘सिंक पंधरा मिनिटांवर आणा, पाच मिनिटांवर आणा’ हा नेहमीचा सल्ला अर्धवट आहे. पाच मिनिटांवर आणले तरी सकाळची ती ऑर्डर टॅलीत चढेपर्यंत प्रत्येक फेरीत हीच चूक होत राहील, फक्त ती अधिक तत्परतेने होईल.

उपाय दोन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी म्हणजे शिल्लकीचा मालक एकच ठरवणे. काउंटर असलेल्या दुकानात तो मान बिलिंग सॉफ्टवेअरला द्यावा लागतो, कारण खरेदी, काउंटरची विक्री, मोडतोड, गोदामातली हलवाहलव हे सगळे तिथेच नोंदले जाते. वेबसाइटवर हाताने आकडा बदलायची मुभा मग कोणालाच नसावी, मालकालाही नाही. दुसरी पायरी म्हणजे वेबसाइटवर टॅलीची शिल्लक जशीच्या तशी न लिहिता हिशेब करून लिहिणे:

```
वेबसाइटवरचा आकडा = टॅलीतील शिल्लक
                  − बिल न झालेल्या ऑनलाइन ऑर्डरींचे नग
                  − राखीव नग
```

राखीव नगांकडे पुढे येऊ, तूर्त ते शून्य धरू. साडेअकराच्या फेरीत टॅलीची शिल्लक तीन, बिल न झालेल्या ऑर्डरींचा एक जोड, म्हणून वेबसाइटवर दोन. दुपारी पुण्याची ऑर्डर लागते आणि एक उरतो. ठाण्याचे गिऱ्हाईक दोन जोड मागते तेव्हा वेबसाइट त्याला सांगते की एकच आहे. वाईट वाटते, पण हे वाईट वाटणे पैसे घेण्याआधीचे आहे.

या सूत्राची एक खूण आहे. सकाळच्या ऑर्डरीचे बिल टॅलीत केले की टॅलीची शिल्लक तीनाची दोन होते आणि त्याच क्षणी बिल न झालेल्या नगांतून एक कमी होतो. उत्तर बदलत नाही. म्हणजे ऑनलाइन ऑर्डरीचे बिल फाडल्याने वेबसाइटवरचा आकडा हलता कामा नये. नवा कनेक्टर घेतला तर पहिली परीक्षा हीच घ्यावी: एका ऑर्डरीचे बिल करायचे, पुढची फेरी होऊ द्यायची आणि पाहायचे. आकडा एकने उतरला तर तीच ऑर्डर दोनदा वजा होते आहे.

‘बिल न झालेली ऑर्डर’ कोणती, हे ठरवताना बरेच कनेक्टर घसरतात. वेबसाइटवरची ऑर्डरीची अवस्था पाहून ते ठरवता येत नाही. पॅकिंगवाल्याने ऑर्डर ‘पूर्ण’ केली असेल आणि बिल संध्याकाळी व्हायचे असेल. खात्रीची खूण एकच, ती म्हणजे ऑर्डर क्रमांक टॅलीतल्या बिलावर आहे की नाही. प्रत्येक ऑनलाइन बिलाच्या संदर्भ क्रमांकाच्या जागी ऑर्डर क्रमांक घातला की हा प्रश्न मिटतो, शिवाय एकच ऑर्डर दोनदा टॅलीत चढण्याचा धोकाही जातो, कारण चढवण्याआधी तो क्रमांक शोधता येतो. काही कनेक्टर ऑर्डर टॅलीत ‘सेल्स ऑर्डर’ म्हणून नोंदवतात. सेल्स ऑर्डरने टॅलीची शिल्लक कमी होत नाही, ती डिलिव्हरी नोट किंवा बिलाने होते. त्यामुळे सेल्स ऑर्डर चढली म्हणून ती वजाबाकीतून काढून टाकणारा कनेक्टर पुन्हा मूळ चुकीवर येतो.

पैसे न भरता अर्ध्यावर सोडलेल्या ऑर्डरींचे काय? त्यांची काळजी वूकॉमर्स स्वतः घेते. Hold stock या सेटिंगमध्ये लिहिलेली मिनिटे, जी मुळात साठ असतात, तेवढा वेळ तो नग दुसऱ्याला विकला जात नाही. पैसे आले तर आकडा कमी होतो, नाही आले तर ऑर्डर रद्द होते. सूत्रात अशा ऑर्डरी पुन्हा वजा करू नयेत. कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर मात्र लगेच पक्की धरली जाते आणि ती वजाबाकीत यायलाच हवी.

आता कनेक्टरची एक फेरी जवळून. टॅलीप्राइमला विचारणा करता येते ती दुकानातल्याच संगणकावरून, सहसा 9000 क्रमांकाच्या पोर्टवर, आणि टॅली चालू असून कंपनी उघडलेली असेल तरच. वेबसाइट कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर असते, तिला दुकानातल्या संगणकापर्यंत सहसा पोचता येत नाही. म्हणून कनेक्टर दुकानातच बसवतात आणि तोच दोन्हीकडे जातो. फेरीत क्रम महत्त्वाचा. आधी टॅलीकडून शिल्लक आणि बिल झालेल्या ऑर्डर क्रमांकांची यादी एकाच दमात घ्यायची, म्हणजे दोन्ही एकाच क्षणाच्या राहतात. मग वेबसाइटवरून ऑर्डरी आणायच्या, वजाबाकी करायची आणि वेबसाइटवरच्या आकड्यात फरक असेल तरच नवा लिहायचा. आठ नंबरच्या जोडासाठी वूकॉमर्सला जाणारा निरोप एवढाच असतो:

```
PUT /wp-json/wc/v3/products/412/variations/418
{ "manage_stock": true, "stock_quantity": 2 }
```

ऑर्डरी आणणे आणि हा निरोप पोचणे यांच्यामध्ये काही सेकंद जातात, आणि नेमकी त्याच सेकंदांत नवी ऑर्डर आली तर ती पुसली जाऊ शकते. वूकॉमर्सचा हा निरोप आकडा मुकाट्याने लिहितो, आधी काय होते ते विचारत नाही. शॉपिफायमध्ये ‘आधी वाचलेला आकडा अजून तोच असेल तरच बदल’ अशी अट घालता येते, हा तिथला खरा फायदा. वूकॉमर्समध्ये ती फट पुढच्या फेरीत भरून निघते. फरक असेल तरच लिहायचे, याचे कारणही तेच: जितके कमी वेळा लिहिले जाईल, तितकी ही फट कमी वेळा उघडेल.

रात्री दुकान बंद, संगणक बंद, टॅली बंद. याची लोकांना फार धास्ती असते, पण ती वेळ खरे तर सुरक्षित असते. काउंटरवर विक्री नाही, वेबसाइट आपला आकडा आपण कमी करत राहते. धोका सकाळी असतो, ऑर्डरी न आणता कनेक्टरने आधी टॅलीचा आकडा वर ढकलला तर. आणि त्याहून मोठा धोका 1 एप्रिलच्या सुमारास असतो. टॅलीतला अहवाल ज्या तारखेपर्यंतचा मागितला त्या तारखेची शिल्लक देतो. कंपनीचा कालावधी 31 मार्चला संपत असेल आणि कनेक्टर निरोपात `SVTODATE` घालून आजची तारीख कळवत नसेल, तर टॅली निमूटपणे मार्चअखेरची शिल्लक देत बसते. चुकीची कंपनी उघडलेली असेल तर रिकामे उत्तर येऊ शकते, आणि बावळट कनेक्टर त्याचा अर्थ ‘सगळे शून्य’ असा घेतो. चांगला कनेक्टर रिकामे उत्तर आले, किंवा एका फेरीत फार मोठ्या संख्येने वस्तूंचे आकडे बदलणार असे दिसले, की काहीही न लिहिता थांबतो आणि माणसाला कळवतो.

हे सगळे यंत्राचे झाले. प्रत्यक्षात दुकानदाराचे बहुतेक दिवस जातात ते नावे जुळवण्यात. टॅलीत वर्षानुवर्षे ‘कापशी तपकिरी’ अशी एकच वस्तू असते, सगळे नंबर तिच्यातच. तशी नोंद असेल तर सिंक करण्यासारखे काहीच नाही, कारण आठ नंबरची शिल्लक टॅलीलाच माहीत नाही. प्रत्येक नंबराची वेगळी वस्तू उघडावी लागते, तिला KAP-TAN-08 असा कोड द्यावा लागतो आणि तोच कोड वेबसाइटवर त्या नंबराच्या SKU मध्ये अक्षरशः तसाच लिहावा लागतो. वूकॉमर्समध्ये स्टॉक सांभाळण्याची खूण प्रत्येक नंबरावर करायची. ती फक्त मुख्य वस्तूवर केली, तर सहा ते अकरा सगळे नंबर एकाच साठ्यातून विकले जातात आणि आठ नंबर संपल्यावरही नऊ नंबरच्या जोरावर विकला जातो.

कोडांची यादी एक्सेलमधून न्यायची तर आणखी एक खड्डा असतो. नुसत्या आकड्यांच्या कोडातली सुरुवातीची शून्ये एक्सेल खाऊन टाकते, आणि तेरा आकडी बारकोड 8.90E+12 असा दाखवते. तशी फाइल वेबसाइटवर चढवली की निम्म्या वस्तू जुळत नाहीत. न जुळलेल्या वस्तूंची यादी कनेक्टरने दाखवली पाहिजे. ती गुपचूप वगळणारा कनेक्टर सर्वात घातक, कारण त्या वस्तूंचा वेबसाइटवरचा जुना आकडा तसाच राहतो आणि विकला जात राहतो.

गोदामाचाही घोळ होतो. खरेदीचे बिल मेलवर आले की ते टॅलीत चढते, माल मात्र अजून ट्रान्सपोर्टमध्ये असतो. टॅलीची एकूण शिल्लक घेतली तर तो वाटेतला माल वेबसाइटवर विकायला लागतो. म्हणून एकूण शिल्लक न घेता, जिथून पॅकिंग होते त्याच गोदामाची घ्यावी आणि येऊ घातलेल्या मालासाठी टॅलीत वेगळे गोदाम ठेवावे. परतीच्या मालाचेही तसेच. ऑर्डर रद्द झाली की वूकॉमर्स आकडा आपोआप वाढवते, पण जोड कुरियरच्या गाडीत असतो आणि कधी कधी चिखल लागून येतो. टॅली मालक असेल तर पुढच्या फेरीत आकडा पुन्हा खाली येतो आणि जोड हातात येऊन, तपासून, क्रेडिट नोट झाल्यावरच वाढतो. अट एकच: रवाना झालेल्या ऑर्डरीचे बिल आधी झालेले असले पाहिजे.

काही गोष्टी मात्र कुठल्याही कनेक्टरच्या आवाक्याबाहेर आहेत. वीज गेली म्हणून कागदी बिलबुकावर फाडलेली आणि रात्री एकदम टॅलीत भरलेली बिले. ‘घरी दाखवून आणते’ म्हणून ओळखीच्या काकूंनी पसंतीला नेलेले दोन जोड. गर्दीत आठच्या जागी नऊ नंबरचे झालेले बिल. या वेळात टॅलीच खोटे बोलत असते, आणि कनेक्टर ते खोटे इमानदारीने वेबसाइटपर्यंत पोचवतो. पसंतीच्या मालाला टॅलीत वेगळे गोदाम करून तो तिकडे हलवणे हा त्यातल्या त्यात सोपा इलाज, अर्धा मिनिट लागतो. चुकीच्या नंबराच्या बिलावर बारकोड स्कॅन करणे हाच खरा उपाय.

उरलेल्या फटीसाठी राखीव नग असतात. किती ठेवायचे, याचे उत्तर दुकानाच्या जुन्या बिलांतून मिळते. गर्दीच्या दिवशी दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत एकाच नंबराचे काउंटरवरून जास्तीत जास्त किती जोड गेले ते पाहायचे. अर्ध्या तासात सहसा एकच जात असेल, तर एक राखीव पुरे. दिवाळीच्या आठवड्यात दोन. याची किंमतही आहे: राखीव एक ठेवला की शेवटचा जोड ऑनलाइन कधीच विकला जात नाही, तो काउंटरवरच जायला हवा. जिथे प्रत्येक वस्तू एकुलती एक असते, पैठणीच्या दुकानासारखी, तिथे राखीव एक म्हणजे वेबसाइट बंद. अशा ठिकाणी ऑनलाइन ठेवलेली पैठणी दुकानातल्या कपाटातून काढून वेगळी ठेवणे आणि काउंटरवर ती मागितली गेली तर आधी वेबसाइटवरून उतरवून मगच बिल करणे, एवढाच खात्रीचा मार्ग. जुन्या पद्धतीचा आहे, पण कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा चोख.

सिंक बरोबर चालले आहे की नाही हे ऑर्डर चुकेपर्यंत थांबून कळायला नको. दुकान बंद करताना रोज तीन आकडे शेजारी शेजारी छापून घ्यावेत: टॅलीची शिल्लक, बिल न झालेले नग आणि वेबसाइटवरचा आकडा. पहिल्यातून दुसरा आणि राखीव वजा केल्यावर तिसरा यायला हवा. जिथे येत नाही, तिथे फरकच कारण सांगतो. वेबसाइटवर जास्त दिसत असून फरक त्या दिवशीच्या ऑर्डरींएवढा असेल, तर ऑर्डरी कनेक्टरपर्यंत पोचत नाहीत. वूकॉमर्स ऑर्डर आल्याचा निरोप वेबहुकने पाठवत असेल आणि सलग पाच वेळा तो पोचला नाही, तर ते वेबहुक बंद पडते, आणि नेट परत आले तरी हाताने चालू केल्याशिवाय सुरू होत नाही. निरोप आला नाही तरी दर फेरीत ऑर्डरी स्वतः जाऊन विचारणारा कनेक्टर म्हणून बरा. वेबसाइटवर कमी दिसत असेल, तर एखादी ऑर्डर दोनदा वजा होते आहे, बहुधा बिलावर तिचा क्रमांक लिहायचा राहिला म्हणून.

तिन्ही आकडे जुळत असतील आणि तरी पॅकिंगला जोड सापडत नसेल, तर कनेक्टरवाल्याला फोन करण्यात अर्थ नाही. रोज कुठल्याही पाच कोडांचे जोड रॅकवर मोजून टॅलीशी ताडून पाहिले की त्या चुका दिसू लागतात. आठ नंबर टॅलीत एक जास्त आणि त्याच रंगाचा नऊ नंबर एक कमी निघाला, तर समजावे की बिल चुकीच्या नंबराचे झाले आहे. टॅलीत उणे शिल्लक दिसणे ही त्याचीच पुढची पायरी. टॅली उणे शिल्लकीवरही बिल होऊ देते, त्यामुळे ती आकडेवारी आठवड्यातून एकदा मुद्दाम उघडून पाहावी लागते. वेबसाइटवर उणे आकडा कधीच जाऊ देऊ नये, तिथे शून्य लिहावे आणि रॅक मोजेपर्यंत तो नंबर विक्रीतून बाहेर ठेवावा.